सगळ्यात वाईट खुर्चीवरून

"तिन्ही चित्रांत ऑफिस चांगलंच दिसते, काका. आता ठरवाचं कसं?" सावलीतला एक तरुण मोबाइल पुढे करून मला विचारत होता. मूल-गडचिरोली रस्त्यावर, एका दुकानाच्या वरची खोली त्याने भाड्याने घेतली आहे. राइस मिलच्या धान-तांदळाच्या नोंदी ठेवणारं सॉफ्टवेअर तो आणि त्याचे पाच सोबती तयार करतात. सहा टेबलं कशी लावायची हे ठरवण्यासाठी त्याने चित्र काढून देणाऱ्या एआय साधनाला तीन वर्णनं लिहून दिली होती: टेबलं दोन्ही भिंतींना लावलेली, टेबलं मध्ये समोरासमोर, आणि वर्गासारख्या ओळी. तिन्ही चित्रांत कोवळं ऊन होतं, कुंड्या होत्या, माणसं हसत होती. ठरवायला मदत म्हणून काढलेल्या चित्रांनी ठरवण्यासारखं काहीच शिल्लक ठेवलं नव्हतं, आणि ते मला खटकत राहिलं.

पहिल्यांदा मला वाटलं, चित्रं बाजूला ठेवावीत आणि टेप घ्यावा. खोली १२ फूट रुंद, २० फूट लांब. पूर्वेच्या आखूड भिंतीत उत्तर टोकाला दार, समोरच्या पश्चिम भिंतीत रस्त्याकडची खिडकी. टेबल ४ फूट लांब, २ फूट खोल. माणूस खुर्ची मागे सरकवून उठतो तेव्हा टेबलामागे साधारण ३ फूट लागतात. म्हणजे भिंतीपासून एका रांगेला ५ फूट, दोन रांगांना १०, आणि मध्ये उरतात २ फूट. अडचणीचे, पण अंग चोरून जाता येईल एवढे. आता तीच टेबलं खोलीच्या मध्ये समोरासमोर जोडा. टेबलांचे ४ फूट, दोन्ही बाजूंच्या खुर्च्यांचे ६, उरले पुन्हा २ फूटच. पण या वेळी ते दोन्हीकडे एकेक फूट वाटले गेले, आणि एका फुटातून कोणी जात नाही. चित्रांत मात्र हीच मांडणी सगळ्यात मोकळी दिसत होती, कारण भिंती रिकाम्या होत्या.

असं का होतं, ते समजून घ्यायला हवं. चित्राच्या साधनाला फूट-इंचाचा हिशेब भरवशाने ठेवता येत नाही. "सहा टेबलं" लिहिलं तरी कधी पाच येतात, कधी आठ. एका खिडकीच्या कधी दोन होतात. खोली ऐसपैस दिसावी म्हणून नजर दाराच्या कोपऱ्यातून, रुंद भिंगातून टाकलेली असते. शिवाय प्रत्येक चित्रात उजेड वेगळा, वेळ वेगळी, भिंतीचा रंग वेगळा, त्यामुळे आपण मांडण्या ताडून पाहतोय असं वाटतं आणि पाहत असतो उजेड. ही लबाडी ओळखायची एक सोपी खूण त्या खोलीतच होती. फरशी २ बाय २ फुटांची आहे. रुंदीत सहा फरश्या, टेबलाखाली दोन. चित्रात टेबल दीडच फरशी व्यापत असेल, तर ते टेबल आपलं नाही.

मी दिसणं आणि बसणं या दोन गोष्टी वेगळ्या धरतो. दिसण्याचा मान दारात उभा राहणाऱ्याचा, आणि तो दोन मिनिटांत निघून जातो. बसणाऱ्याला तिथे आठ तास काढायचे असतात. नागपूरकडे अंतर्गत सजावटीची कामं करणाऱ्या एका ओळखीच्या माणसाला हे बोललो, तर तो म्हणाला, "ग्राहक चित्रावरच ठरवतो. मापं आम्ही मागाहून बसवतो." हे मला मुळीच मान्य नाही. मापं मागाहून बसवतात म्हणजे कोणाच्या तरी खुर्चीचं काही कापतात, आणि ज्याचं कापतात त्याला चित्र दाखवलेलं नसतं. आपल्याकडे तर ऊनही मोजावं लागतं. मे महिन्यात चंद्रपूर जिल्ह्यात पारा ४५ च्या वर जातो आणि पश्चिमेच्या खिडकीतून चार वाजता येणारं ऊन कोवळं नसतं. वर्गासारख्या ओळी जागेच्या हिशेबात सगळ्यात सरस ठरत होत्या: तीन ओळींना १५ फूट, बाजूला ४ फुटांची वाट. पण तोंड खिडकीकडे केलं तर ऊन डोळ्यांत आणि पाठ केली तर स्क्रीनवर. उजेड बाजूने यायला हवा, तर टेबलं लांब भिंतींकडे वळवलेलीच बरी.

हसऱ्या माणसांबद्दलही इथेच सांगतो. हार्वर्डच्या एथन बर्नस्टीन आणि स्टीफन टर्बन यांनी २०१८ मध्ये एक अभ्यास प्रसिद्ध केला. दोन मोठ्या कंपन्यांनी आडोसे काढून ऑफिस मोकळं केलं, त्याआधी आणि त्यानंतर कर्मचाऱ्यांच्या गळ्यात संवेदक घालून त्यांनी गाठीभेटी मोजल्या. समोरासमोरचं बोलणं वाढायच्या ऐवजी सुमारे ७० टक्क्यांनी घटलं आणि ईमेल वाढले. सगळ्यांच्या नजरेत बसलेला माणूस स्वतःभोवती आडोसा करून घेतो, असाच याचा अर्थ मी लावतो. सहा जणांच्या खोलीला हे आकडे जसेच्या तसे लागू होणार नाहीत, पण चित्रातल्या गप्पांवर विसंबू नये एवढं त्यातून कळतं.

फरश्या मोजत आम्ही खडूने टेबलं आखली, तेव्हा चौथी मांडणी सापडली. २० फूट लांबीत प्रत्येक रांगेला १२ फूटच लागतात. मग उत्तरेची रांग खिडकीकडे सरकवली, दक्षिणेची दाराकडे. रांगा आता फक्त ४ फुटांत एकमेकींच्या पाठीला आल्या. बाकी सगळीकडे वाट ७ फुटांची झाली. भिंग, उजेड, कुंड्या यांतलं काहीही न लागता हे झालं, आणि मी विजयी मुद्रेने टेप गुंडाळला.

पण त्या तरुणाने एक वेगळी चाल खेळली. रिकाम्या खोलीचा फोटो आणि मापांचा कच्चा नकाशा त्याने साधनाला दिला. वर्णनात लिहिलं: "खोली, खिडकी, दार, फरशी बदलू नको. वेळ दुपारी चार. नजर जमिनीपासून ४ फुटांवर, दक्षिण रांगेत दाराजवळच्या खुर्चीवर बसलेल्या माणसाची." दर वेळी एकच ओळ बदलायची, ती खुर्चीची. दोन चित्रं खुर्च्या चुकल्या म्हणून टाकून दिली. तिसऱ्यात समोर दिसली फक्त स्क्रीन आणि भिंत. दार कुठेच नव्हतं. म्हणजे मिलमालक आत आला की तो थेट या माणसाच्या पाठीशी उभा राहणार, आणि दिवसभर दाराच्या प्रत्येक आवाजाला याला मान वळवावी लागणार. टेपने हे मला सांगितलं नव्हतं. खडूच्या चौकोनात मी उभा राहिलो होतो, बसलो नव्हतो.

मग ते टेबल उलटं केलं. खुर्ची भिंतीकडे, तोंड उत्तरेला, दार उजव्या हाताला समोर. आत शिरायला वाट हवी म्हणून दक्षिणेची रांग २ फूट खिडकीकडे सरकवली. पाठीला पाठ येणारा भाग ४ चा ६ फूट झाला, तेवढं चालेल.

त्यामुळे चित्रं बाजूला ठेवावीत, हे माझं म्हणणं मी मागे घेतो. आधी टेप, मग चित्र, आणि चित्र दारातून मागू नका. प्रत्येक मांडणीतली सगळ्यात वाईट खुर्ची कोणती ते ठरवा, तिच्यावर बसलेल्याच्या नजरेतून एकेक चित्र काढा आणि तीच चित्रं शेजारी ठेवा. ज्या मांडणीत ती खुर्ची सगळ्यात सुसह्य, ती मांडणी घ्या. आणि त्या खुर्चीवर पहिला महिनाभर मालकाने स्वतः बसावं.