विंचवाच्या विषावर तुम्ही फिरवलेली रंगसफेदी

साम्याचा अहवाल नऊ टक्के आला म्हणून तुमच्यापैकी तिघं काल माझ्या टेबलासमोर हसत उभे होते. पेढे आणायचेच काय ते राहिले होते. विद्यापीठ अनुदान आयोगाच्या 2018च्या नियमांत दहा टक्क्यांपर्यंतच्या साम्याला शिक्षा नाही, हे तुम्हाला तोंडपाठ आहे. चौदा सलग शब्दांपर्यंतची सर्वसामान्य माहिती मोजणीतून वगळता येते, हेही पाठ आहे. प्राझोसिन नेमकं कोणत्या रिसेप्टरवर बसतं ते मात्र विचारल्यावर आठवावं लागतं. दहा टक्के ही शिक्षा सुरू होण्याची रेषा आहे. तेवढी चोरी चालते असा परवाना तुम्हाला कोणी दिलेला नाही. आणि यंत्र फक्त अक्षरं जुळतात का ते पाहतं. मी तुमचे प्रबंध मूळ शोधनिबंध शेजारी ठेवून वाचले आहेत.

विषय तरी कोणता निवडलात? लाल विंचवाच्या दंशावरचे औषधोपचार. आपल्याच रायगडातलं काम. महाडला डॉ. हिम्मतराव बावस्कर आणि डॉ. प्रमोदिनी बावस्कर यांनी स्वतःच्या रुग्णालयात चाचणी घेतली आणि 2011 साली ती ‘ब्रिटिश मेडिकल जर्नल’मध्ये छापून आली. अलिबागहून एसटीत बसलात तर त्याच दिवशी महाड बघून परत याल. पण तुम्ही त्या निबंधाचा गोषवारा उचलला, समानार्थी शब्दांचा कोश उघडला आणि शब्दामागे शब्द बदलत गेलात. चोरलेल्या होडीला नवा रंग फासला म्हणून होडी आपली होत नाही, हे मुरुडचं शेंबडं पोरही सांगेल. इथे तर रंग फासताना तुम्ही होडीला भोकही पाडलंत.

ते भोक आता उघडून दाखवतो. नीट ऐका.

मुळात ‘अँटिव्हेनम’ असा शब्द आहे. तुम्ही केलंत ‘अँटिडोट’. का, तर सलग शब्द तुटावेत म्हणून. अरे, प्रतिविष थेट विषाला जाऊन बांधतं. प्राझोसिन विषाला हातही लावत नाही. विंचवाच्या विषामुळे मज्जातंतूंच्या सोडियमच्या वाटा उघड्या राहतात, ॲड्रेनलिन-नॉरॲड्रेनलिनचा लोंढा सुटतो, रक्तवाहिन्या आवळतात आणि हृदयावर भार येतो. प्राझोसिन अल्फा-1 रिसेप्टर अडवून हा आवळ सोडवतं. विंचूदंशाच्या लेखनात प्राझोसिनलाच अँटिडोट म्हटलेलं सापडतं. मग ‘प्राझोसिन आणि अँटिडोट’ या तुमच्या वाक्यातून वाचणाऱ्याने काय समजायचं?

पुढचं वाक्य. ‘रँडमाइज्ड’च्या जागी ‘हॅपहॅझर्ड’! म्हणजे चाचणी गबाळी झाली असंच तुम्ही छापायला निघालात. रुग्ण कोणत्या गटात जाणार हे चिठ्ठीसारखं दैवावर सोडणं ही शिस्त आहे, गबाळेपणा नव्हे. तुमच्यासारखे जगभर आहेत. फ्रान्समधल्या गियोम काबानाक आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 2021 साली अशा पिळवटलेल्या शब्दप्रयोगांची यादी करायला घेतली. त्यात स्तनाच्या कर्करोगाचं ‘बूझम पेरिल’ झालेलं सापडलं. चोर पकडायला तेवढा एक शब्द पुरतो.

आणि सगळ्यात वाईट वाक्य. मूळ निबंध सांगतो की रुग्ण लवकर बरे झाले. तुम्ही ‘रिकव्हरी’ काढून ‘सर्व्हायव्हल’ घातलंत आणि एका फटक्यात प्रतिविषाला जीव वाचवण्याचं श्रेय देऊन टाकलंत. ती चाचणी हे म्हणतच नाही. तिच्यात सत्तर रुग्ण होते, सगळे दुसऱ्या श्रेणीचे. म्हणजे घाम, लाळ, थंड हातपाय, वाढलेला रक्तदाब अशी लक्षणं असलेले, पण फुप्फुसात पाणी न झालेले. प्राझोसिन दोन्ही गटांना दिलं होतं. एका गटाला जोडीला प्रतिविष दिलं. मुख्य प्रश्न हा होता की दहा तासांत किती जण पूर्ण बरे होतात आणि एकूण किती वेळ लागतो. उद्या श्रीवर्धनच्या एखाद्या दवाखान्यात कोणी तुमचा प्रबंध वाचून प्राझोसिन द्यायला उशीर केला, प्रतिविषाची वाट पाहत बसला, तर?

‘पण सर, संदर्भ दिला आहे ना.’ दिला आहे, आणि तोही चोरलेला. प्राझोसिनने उपचार होतो या वाक्यापुढे तुम्ही 1982चा ‘लॅन्सेट’मधला निबंध टाकलात. उघडून पाहिलात? त्यात उलटी, भरपूर घाम, लिंगाचा ताठरपणा, थंड पडलेले हातपाय या लक्षणांवरून पुढे हृदयाला धोका आहे हे कसं ओळखावं ते आहे. प्राझोसिनचा निबंध 1986चा. दुसऱ्या कोणाच्या आढाव्यातला चुकीचा आकडा तुम्ही तसाच खाली उतरवलात. शिवाय संदर्भ टाकला म्हणजे वाक्यरचना तुमची झाली असं नाही. दुसऱ्याचे शब्द हवेच असतील तर अवतरणचिन्हं लावा. औषधशास्त्राच्या आढाव्यात अशी वेळ क्वचितच येते, एखादी व्याख्या देताना वगैरे.

आता काम कसं करायचं ते सांगतो, आणि पुन्हा सांगणार नाही. गोषवारा नको, पूर्ण निबंध वाचा. कोष्टकंसुद्धा. मग तो बंद करा. स्क्रीनही बंद. कोऱ्या कागदावर मराठीत उत्तरं लिहा: कोणाला दिलं, काय दिलं, कशाशी तुलना केली, काय मोजलं, किती फरक पडला, कुठे शंका राहते. मराठीत अशासाठी की लेखकाची इंग्रजी वाक्यं तुमच्या बोटांवर परत येऊ नयेत. ज्या प्रश्नाचं उत्तर लिहिता येणार नाही, ते तुम्हाला कळलेलं नाही. तिथे परत निबंधाकडे जा. मग त्या कागदावरून इंग्रजी परिच्छेद लिहा, आणि शेवटी मूळ उघडून आकडा न् आकडा ताडून पाहा.

असं केलं तर काय हाती येतं ते बघा: ‘महाडच्या चाचणीत फुप्फुसाचा त्रास सुरू न झालेल्या सत्तर रुग्णांना प्राझोसिन मिळालं. त्यांतल्या ज्यांना सोबत प्रतिविष दिलं ते सरासरी आठ तासांत बरे झाले, नुसतं प्राझोसिन घेतलेल्यांना सुमारे पावणेअठरा तास लागले. कोणाला काय दिलं हे डॉक्टरांना माहीत होतं. लक्षणं नाहीशी झाली की नाही हेही तेच ठरवणार, त्यामुळे फरक किंचित फुगलेला असू शकतो. अधिक गंभीर रुग्णांबद्दल या आकड्यांवरून काही म्हणता येत नाही.’ यातली शेवटची दोन वाक्यं गोषवाऱ्यातून कोश घेऊन निघाली नसती. ती विचार करणाऱ्याची आहेत. पुढे संदर्भ तरीही द्यायचाच, कारण आकडे बावस्करांचे आहेत.

आणि बदलायचं नाही ते बदलू नका. औषधाचं नाव, रिसेप्टर, विंचवाचं शास्त्रीय नाव, चाचणीचा प्रकार, मात्रा. मुलांना प्राझोसिन किलोमागे 30 मायक्रोग्रॅम असं लिहिलेलं असतं. तुमच्यातल्या एका महाभागाने वाक्य वेगळं दिसावं म्हणून एकक बदललं आणि 30 मिलिग्रॅम केलं. हजारपट! यंत्राने त्या ओळीला शून्य साम्य दिलं, हे खरंच आहे. चार शास्त्रीय शब्द जुळले म्हणून अहवालात पिवळा पट्टा आला तर येऊ दे. त्याचं उत्तर परीक्षकांना मी देईन.

दुसरं प्रकरण तिघांनीही फाडून टाकायचं आहे. सोमवारी सकाळी मला आधी ते मराठीतले कागद दाखवायचे, हाताने लिहिलेले. ते बघितल्याशिवाय मी एकाही पानावर सही करणार नाही.