शखेमातील धोंडा आणि निगडीतील एक जोडपे

(यहोशवा, अध्याय 24)



निगडी येथे आमच्या ओळखीच्या एका वृद्ध जोडप्याने लग्नाला 42 वर्षे पूर्ण झाल्यावर मंडळीसमोर आपली वचने पुन्हा उच्चारली. त्या उपासनेत बोलण्याचे काम आमच्याकडे आले होते. दोघे मूळचे राहुरीकडचे. तरुणपणी पोटासाठी इकडे आले, आणि पतीने कारखान्यात 30 वर्षे नोकरी केली. खेड्यांतील मंडळ्यांतही आता अशी इच्छा कोणी कोणी बोलून दाखवितात, म्हणून त्या प्रसंगी जे पाहिले व बोललो ते येथे लिहीत आहो.

आम्हांस पहिला प्रश्न एका वडील भावाने केला. "होय म्हटले ते होय, असे प्रभूने सांगितले आहे ना? मग एकदा दिलेले वचन पुन्हा कशाला? पहिले विटले की काय?" प्रश्न रास्त होता. मरेपर्यंतचे वचन म्हणजे मुदतीचा परवाना नव्हे, की तो वेळोवेळी वाढवून घ्यावा. म्हणून अशा उपासनेत नवा विवाह लावावयाचा नसतो. 1872 च्या कायद्याप्रमाणे नोंदवहीत नोंद एकदाच होते. तेथे दुसरी सही घेऊ नये व दुसरा दाखलाही देऊ नये. ज्यांचे लग्न बाप्तिस्म्यापूर्वी जुन्या रीतीने झाले, त्यांनीही आपला संसार आजवर अपुरा होता असे मनात आणू नये. पौलाने करिंथकरांस लिहिताना विश्वासी व अविश्वासी यांचा संसारही मोडीत काढला नाही. वचनाच्या शब्दांत फरक पडतो तो एवढाच, की "मी तुला स्वीकारतो" याच्या जागी "मी तुला स्वीकारले होते, आणि त्यावरच उभा आहे" असे म्हणावे.

मग पुन्हा बोलावे तरी का? याचे उत्तर आम्हांस शखेमात सापडते. यहोशवा म्हातारा झाला होता. त्याने सर्व लोकांस जमविले, आणि प्रथम त्यांच्याकडून वचन न घेता त्यांची हकिकत त्यांनाच सांगितली. ती अब्राहामाच्या बापापासून सांगितली, आणि तो बाप अन्य देवांची सेवा करीत होता हेही लपविले नाही. लोक उत्साहाने "आम्ही परमेश्वराचीच सेवा करू" म्हणाले, तेव्हा त्याने त्यांची पाठ थोपटली नाही. तुमच्याने ते होणार नाही, असे तो तोंडावर म्हणाला! मग जवळचे परके देव टाकून द्यावयास सांगितले, आणि शेवटी एला झाडाखाली एक मोठा धोंडा साक्षीस उभा केला. आमच्या मते ही गोष्ट पाळकांनी व प्रचारकांनी नीट वाचून ठेवावी. अशा प्रसंगी बहुतेक भाषणे फुलांच्या हारांसारखी असतात. पतीची स्तुती होते, पत्नीची स्तुती होते, आणि ऐकणाऱ्यास वाटते की या दोघांत 42 वर्षांत एकदाही भाजी करपली नाही.

आमच्या मराठी मंडळीत याहून चांगला कित्ता आहे. नारायण वामन टिळक व लक्ष्मीबाई यांचे लग्न 1880 साली झाले. 1895 साली टिळकांनी बाप्तिस्मा घेतला आणि पतिपत्नींची ताटातूट झाली. काही वर्षे वेगळे राहून ती दोघे पुन्हा एकत्र आली, व 1900 साली बाईंनीही बाप्तिस्मा घेतला. 1919 साली टिळक वारले. त्यानंतर बाईंनी 'स्मृतिचित्रे' लिहिली. तीत पतीचा तापटपणा आहे, हातचा पैसा वाटेल त्यास देऊन टाकण्याची खोड आहे, आणि ताटातुटीचे दुःखही आहे. हसत हसत सगळे सांगितले आहे, आणि प्रेम कोठे कमी पडलेले दिसत नाही. आम्ही तर म्हणतो, ती एका विधवेने सर्वांसमक्ष पुन्हा उच्चारलेली लग्नाची वचनेच होत.

निगडीच्या जोडप्याकडे आम्ही आधी दोन वेळा गेलो. पहिल्या वेळी पतीशी एकट्याने बोललो, दुसऱ्या वेळी पत्नीशी. ही गोष्ट टाळू नये. दोघांस एकत्र बसविले की एकच बोलतो आणि दुसरे मान हलविते. प्रश्न पत्नीस विचारला असता तिने उत्तरापूर्वी पतीच्या तोंडाकडे पाहिले, तर तेथे काही दडले आहे असे समजावे. घरात दारू वा मारहाण चालू असेल, तर उपासना खुशाल पुढे ढकलावी. जखमेवर रेशमी कापड घातल्याने आतला पू जात नाही.

येथे तसे काही नव्हते, पण एक जुने शल्य निघाले. आजी प्रथम हसून म्हणाल्या, "पाळकसाहेब, 42 मोजू नका. तीन पाळ्या आळीपाळीने, म्हणजे 30 वर्षांतली 10 रात्रपाळीत गेली. आमची 32च भरली." मग थोडे थांबून त्यांनी बांगड्यांची गोष्ट सांगितली. भावाच्या कर्जास जामीन राहून पतीने त्यांच्या दोन बांगड्या न विचारता गहाण टाकल्या होत्या. त्या सुटल्या नाहीत. "सोन्याचे काही नाही. पण मला ते सराफाच्या दुकानात कळले, घरात कळले नाही." या गोष्टीला 25 वर्षे होऊन गेली होती. त्यांच्या परवानगीने आम्ही हे आजोबांच्या कानावर घातले. ते बराच वेळ गप्प बसले. "ती विसरली असेल असे वाटले होते," एवढेच म्हणाले. पुरुष ज्यास विसरणे म्हणतात ते पुष्कळदा स्त्रियांचे न बोलणे असते, हे आम्ही स्वतःच्या घरच्या अनुभवानेही जाणतो.

याकोबाने आपल्या घरच्यांची कुंडले पुरली तीही शखेमाजवळच, एला झाडाखाली. आजोबांजवळ पुरावयास सोने नव्हते. त्यांना आम्ही एवढेच सुचविले, की वचनापूर्वी ती गोष्ट स्वतःच्या तोंडाने सांगावी. कोठे सांगावयाची हे मात्र पत्नीने ठरवावे. मंडळीसमोर नको, मुलांसमोर पुरे, असे आजींनी ठरविले. आदल्या रात्री घरात ते झाले. आम्ही तेथे नव्हतो, आणि असावयास नकोच होते. येथे जे छापले आहे तेही दोघांनी वाचून संमती दिल्यावर.

उपासनेच्या दिवशी जुनी अंगठी आजींच्या बोटात शिरेना. कोणी साबण आणावयास धावला. आम्ही ती करंगळीत घालावयास सांगितले. साक्षीस धोंडा नव्हता, परंतु तिन्ही लेकरे समोरच्या बाकावर बसली होती.

आजोबांनी आपली वचने स्वतः लिहून आणली होती. वाचण्यापूर्वी त्यांनी तो कागद प्रथम पत्नीच्या हाती दिला. "या वेळी आधी तुला दाखवितो," ते म्हणाले. आजींनी चष्मा लावला, सावकाश वाचले, आणि आमच्याकडून लेखणी मागून घेतली. कागदावर एके ठिकाणी लिहिले होते, 'मी यापुढे कधीही रागावणार नाही.' तो चरण त्यांनी खोडला. "हे तुमच्याने व्हावयाचे नाही," त्या म्हणाल्या, "बाकीचे सगळे वाचा."