चांदोबाचं तिकीट

पुण्याहून साताऱ्याला निघालेली एसटी, पौर्णिमेची संध्याकाळ, डाव्या खिडकीशी पाच वर्षांचा नातू. “आजी, चांदोबा आपल्याबरोबर येतोय. त्याचं तिकीट काढलंस?” आजी तोंड उघडायच्या आत पुढच्या सीटवरचे गृहस्थ वळून म्हणाले, “येत नाही, बाळ. तो ३ लाख ८४ हजार किलोमीटर लांब आहे.”

आकडा बरोबर होता. पण ज्याची मजल विसापर्यंत, त्याला लाख ऐकवून काय उपयोग? उत्तर सांगणं वेगळं, दाखवणं वेगळं.

आजीने दाखवलं. “ती बाभूळ बघ. गेली. आता तो डोंगर बघ. एवढी झाडं गेली, तो आहेच ना?” पोराने गजाला नाक लावलं. “मग डोंगरपण येतोय?” “नाही रे. लांब आहे, म्हणून सावकाश मागे पडतो. चांदोबा त्याच्याही पल्याड.”

हा मधला डोंगर फार कामाचा. ताशी ६० किलोमीटरने जाणाऱ्या गाडीतून वीस मीटरवरचं झाड सव्वा सेकंदात ४५ अंश मागे फिरतं. पाच किलोमीटरवरचा डोंगर किलोमीटरभर गेल्यावर जेमतेम ११ अंश. जवळचं मागे पळतं, हे डोळ्यांच्या अंगवळणी पडलेलं असतं. जे पळत नाही, ते सोबत चाललंय असं वाटतं.

मुलं हे खेळ म्हणून बोलत नाहीत. जाँ पियाजे या स्विस मानसशास्त्रज्ञाने १९२०च्या दशकात मुलांना याबद्दल खोदून विचारलं होतं. दोघं उलट दिशांना निघाले तर चंद्र कोणाबरोबर जाईल, हा त्याचा पेच. आजीने पियाजे वाचलेला नाही, पण समोरून आलेल्या पुण्याच्या गाडीकडे बोट दाखवून ती म्हणाली, “त्या गाडीतल्या पोरालाही वाटतंय, चांदोबा त्याच्याचबरोबर येतोय.” नातू बराच वेळ गप्प.

मग त्याने आजीला तिच्याच डोंगरात पकडलं. “डोंगर मागे राहिला. मग चांदोबा साताऱ्यापर्यंत राहील ना मागे?”

इथे डोंगर अपुरा पडतो आणि गृहस्थांचा आकडा लागतोच. गाडी सरळ रेषेत शंभर किलोमीटर गेली, तरी तेवढ्याने चंद्र फार तर स्वतःच्या रुंदीच्या पस्तिसाव्या भागाइतका सरकेल. डोळ्याला ते दिसणं शक्य नाही. म्हणजे ‘सावकाश मागे पडतो’ हे डोंगराबाबत खरं; चंद्राबाबत मात्र ‘पडतच नाही’ म्हटलेलं बरं. आकडा चुकीचा नव्हता, आधी आला एवढंच.

खंबाटकी घाटात गाडी वळली आणि चंद्र उजव्या खिडकीत गेला. “पळाला!” “गाडी वळली रे, तो नाही.” साताऱ्यात उतरेपर्यंत तो चांगलाच वर चढला होता. तो बदल खरा होता, पण त्यात एसटीचा काही हात नव्हता. पृथ्वी फिरते, म्हणून चंद्र तासाला साडेचौदा अंश सरकलेला दिसतो, गाडी स्टँडवर उभी असली तरी.