सहकाऱ्यांना न कळलेला तक्ता

१९६९ च्या उन्हाळ्यात जेम्स मॉरिस सीडीसी ६४०० या संगणकासाठी मजकूर-संपादक लिहीत होता. शब्द शोधायच्या सोयीपाशी त्याचं काम अडलं. मजकूर बफरमधून तुकड्यातुकड्यांनी येई, आणि मागे पडलेली अक्षरं पुन्हा वाचायची तर मोठी यातायात.

शोधायची साधी पद्धत मात्र सारखी मागे वळायला लावते. ‘कमकमकमल’मध्ये ‘कमकमल’ शोधायचं आहे असं धरा. चार अक्षरं जुळतात. पाचव्या जागी ‘ल’ हवा, तिथे ‘क’ निघतो. साधी पद्धत जुळलेलं सगळं विसरते आणि मजकुराच्या दुसऱ्या अक्षरापासून नव्याने ताडून पाहते, मग तिसऱ्यापासून. शब्द सापडेपर्यंत ११ तुलना होतात. घाई करून चारही अक्षरं ओलांडावीत, तर तिसऱ्या अक्षरापासून सुरू होणारा शब्दच हातचा जातो.

मॉरिसने यातून नेमकी वाट काढली. जुळलेल्या ‘कमकम’चा शेवट ‘कम’ आहे आणि शोधशब्दाची सुरुवातही ‘कम’च आहे. म्हणजे दोन अक्षरं आधीच जुळलेली आहेत. मजकुरातलं बोट त्याच ‘क’वर ठेवायचं आणि त्याची गाठ शोधशब्दाच्या तिसऱ्या अक्षराशी घालायची. क, म, ल जुळतात आणि ८ तुलनांत काम होतं. अडल्यावर किती अक्षरं हाताशी राहतात, हे मजकूर न पाहता शोधशब्दावरूनच ठरतं, म्हणून त्याचा तक्ता आधीच करून ठेवता येतो:

```
क म क म ल
0 0 1 2 0
```

रोजच्या लेखनात बहुतेकदा पहिलंच अक्षर जुळत नाही, त्यामुळे तिथे साधी पद्धतही चालून जाते. पण मजकुरात दहा लाख ‘क’ असतील आणि शोधशब्द ९९९ ‘क’ व शेवटी ‘ल’ असा असेल, तर तिला जवळजवळ १०० कोटी तुलना लागतात. तक्त्याने तेच काम २० लाखांच्या आसपास तुलनांत उरकतं.

एवढी सुंदर युक्ती, पण त्या संपादकावर काम करणाऱ्या इतरांना ती उमगलीच नाही. काही महिन्यांनी मॉरिसने पाहिलं, तर कोणी कोणी केलेल्या अनावश्यक ‘दुरुस्त्यां’नी त्याच्या कोडचा पार विचका झाला होता. मला या लोकांचा राग येत नाही. मजकुरातलं बोट मागे का न्यायचं नाही, हे ज्याला ठाऊक नाही त्याला ती उडी चूकच वाटणार.

पुढच्याच वर्षी डोनाल्ड नुथ स्टीफन कुकच्या एका प्रमेयावरून स्वतंत्रपणे याच पद्धतीपाशी पोचला. व्हॉन प्रॅटला त्याने ती सांगितली, प्रॅटने ती सुधारली, आणि मग नुथला कळलं की मॉरिसने हे आधीच केलं आहे. १९७७ साली तिघांनी मिळून निबंध छापला. त्यात तक्ता कसा भरायचा हे होतंच. शिवाय पुढे सरकताना एकही जुळणी का निसटत नाही, याची सिद्धताही होती.