मॅनेजरबद्दल लिहिताना

आमच्या कंपनीत वर्षातून दोनदा एक फॉर्म येतो. त्यात आपण आपल्या मॅनेजरबद्दल लिहायचं असतं. वर ठळक अक्षरात 'निनावी' असं लिहिलेलं असतं. आमच्या टीममध्ये चार जण आहेत. त्यातला एक कायम इंग्रजीतच विचार करतो आणि एकाला पूर्णविराम माहीत नाही. तेव्हा निनावीपणा किती, ते समजून घ्या.

पण मला भीतीपेक्षा शब्दांचा प्रश्न जास्त छळतो. आमचे मॅनेजर क्लायंटला तारखा आम्हाला न विचारता देऊन टाकतात. मागच्या तिमाहीत स्प्रिंट सुरू झाल्यावर तीनदा नवं काम आत घुसलं. दोनदा टेस्टिंग अर्धवट राहिलं, आणि त्यातलं एक रिलीज रात्री अकरा वाजता मागे घ्यावं लागलं. याबद्दल 'ते कोणाचं ऐकत नाहीत' असं लिहिता येतं. लिहून बरंही वाटतं. पण तो निवाडा झाला. त्यांच्या मनात काय आहे ते मला दिसत नाही, आणि वरून त्यांच्यावर किती दाब येतो तेही नाही.

दुसरीकडे 'प्राधान्यक्रम ठरवण्यात सुधारणेला वाव आहे' हे एचआरचं लाडकं वाक्य. ते सौम्य आहे, विधायक दिसतं, आणि माझ्या मते खोटं आहे. त्यातला प्रत्येक शब्द खरा असेलही. पण वाचून रिलीजची ती रात्र कोणाला कळणार नाही. काण्टनं खोटं बोलणं आणि सगळं न बोलणं यात फरक केला होता. मला तो पटतो, पण इथे पुरत नाही. जे सांगायला फॉर्म उघडला तेच वगळलं, तर ते नुसतं मौन उरत नाही.

म्हणून मी ते तीन प्रसंग तारखांसकट लिहिले, आणि परिणामही. पुढे एक मागणी: क्लायंटला होकार देण्याआधी आमच्यापैकी एकाकडून अर्ध्या तासाचा अंदाज घ्यावा. अंदाज घेतला की नाही, हे पुढच्या तिमाहीत कोणालाही तपासता येईल. 'ऐकत नाहीत' हे कसं तपासणार?

प्रॉडक्शन बंद पडलं तेव्हा त्यांनी दोष कुणा एकावर येऊ दिला नव्हता, हेही लिहिलं. पण वेगळ्या रकान्यात. तक्रारीच्या आधी साखर म्हणून नाही. तक्रार काढून टाकली तरी ते वाक्य तिथे राहिलंच असतं.

एक अडचण मात्र सुटलेली नाही. फॉर्म त्यांचे साहेबही वाचतात, आणि बढतीच्या वेळी तो टेबलावर असतो. मॅनेजरना सांगायचं ते एक आणि त्यांच्याविरुद्ध नोंदवायचं ते दुसरं, रकाना एकच. त्यामुळे सबमिट करण्याआधी मी ते तीन प्रसंग त्यांना वन-ऑन-वनमध्ये सांगितले. ते थोडा वेळ गप्प बसले. मग म्हणाले, "दुसरा प्रसंग माझ्या लक्षातच नव्हता. तारीख काय म्हणालास?"