नमाजेआधीचं देणं

रमजान ईदच्या सकाळचा क्रम ठरलेला असतो. अंघोळ, फित्रा, विषम संख्येत खजूर, नवे कपडे, ईदगाह आणि मग घरोघरी शिरखुर्मा. रनाळ्यातल्या आमच्या घरातही हाच क्रम. यातला फित्रा मला सगळ्यात जास्त विचार करायला लावतो. देवापुढे उभं राहण्याआधी माणसाचं देणं का चुकवायचं?

हिशेब साधा आहे. हनफी पद्धतीत ज्याच्याकडे गरजेपेक्षा जास्त, ठरावीक किमतीची मालमत्ता आहे, त्याने स्वतःचा आणि लहान मुलांचा फित्रा द्यायचा. ईदच्या पहाटेपूर्वी जन्मलेलं बाळही त्यात मोजलं जातं. अनेक ठिकाणी माणशी 2 किलो 45 ग्रॅम गहू धरतात. म्हणजे सहा जणांचे झाले 12 किलो 270 ग्रॅम. गहू 30 रुपये किलो धरला, तर साधारण 368 रुपये. मनुक्यांनी मोजायचं तर वजन दुप्पट होतं. 300 रुपये किलोने तोच फित्रा 7,362 रुपयांवर जातो. दोन्ही चालतं. पण ज्याने नव्या कपड्यांवर हजारो रुपये घातले, त्याने गव्हाचाच दर का धरावा? नियम इथे थांबतो आणि पुढचं काम माणसाच्या मनावर सोपवतो.

मुदत मात्र स्पष्ट आहे. नमाजेआधी दिलं तर तो फित्रा. हदीसनुसार नंतर दिलेलं साधं दान ठरतं. हनफी मतानुसार उशीर झाला तरी देणं डोक्यावरून उतरत नाही. पण ईदगाहच्या दारात घाईघाईने नोट काढणाराही मुदत पाळतोच. मग बिघडतं काय? घेणारी बाई तेव्हा बाहेर उभी असते. दूध, शेवया, पोराचा सदरा आणायची वेळ टळून गेलेली असते. तिच्या घरची ईद त्या पैशाने सुरूच होत नाही. म्हणून रमजानमध्येच किंवा फार तर चांदरातीला देणं शहाणपणाचं.

आणखी एक बारीक गोष्ट आहे. देताना ‘हा फित्रा आहे’ असं सांगावंच लागत नाही. मनात नियत असली की पुरे. हातात ठेवताना ‘ईदी’ म्हटलं तरी चालतं. आईवडील, मुलं असे काही जवळचे सोडून गरजू नातेवाइकालाही तो देता येतो.

याचं मोल नमाजेनंतर कळतं. ईदच्या नमाजेला अजान नसते. दोन रकात, जादा तकबिरी, मग खुतबा आणि गळाभेटी. शक्य तर जाताना एक वाट, येताना दुसरी. मग लोक एकमेकांच्या घरी जातात. आदल्या रात्री ज्या घरी काही दिलं, तिथेही पाहुणा म्हणून बसायचं असतं. तिथे शिरखुर्म्याची वाटी समोर आली की घेणारे आपण असतो. ‘फित्रा’ हा शब्द उच्चारलाच गेला नसेल, तर त्या घरातल्या कुणाला मान खाली घालावी लागत नाही.

देणं आधी उरकलं, की भेटीत फक्त भेटच उरते.