माथ्यावरचा पॅराबोला

पोलादपूर सोडून खेडकडे निघालं की कशेडीचा चढ लागतो, आणि माथा ओलांडला की उतार. बोगदा झाल्यापासून तो माथा टाळता येतो, पण इथे मला जुना घाटरस्ताच हवा आहे. ‘a आणि b अशा निवडा, की फंक्शन सर्वत्र अवकलनीय होईल’ हा बारावीचा प्रश्न मुलं पाठ केलेल्या दोन ओळींत सोडवतात. चढ-उताराचा सांधा आखणाऱ्या माणसाला मात्र त्यातली प्रत्येक ओळ का लिहायची ते कळावंच लागतं.

आकडे सोपे धरू. ते कशेडीच्या मोजणीचे नाहीत. चढ दर शंभर मीटरला पाच मीटर, उतार शंभराला चार. चढाची रेषा y = ०.०५x, उताराची y = −०.०४x + k. दोन्ही तशाच वाढवून एकमेकींना भिडवल्या, तर रस्ता सलग होतो, पण माथ्यावर टोक उरतं. तिथे चढ एका क्षणात +०.०५ वरून −०.०४ वर येतो. गाडीला धक्का बसतो हे तर आहेच, त्याहून वाईट म्हणजे पलीकडे काय उभं आहे ते ड्रायव्हरला वेळेत दिसत नाही.

म्हणून मध्ये पॅराबोला घालतात: y = ax² + bx + c. तो x = ० पासून x = १८० मीटरपर्यंत ठेवू. a, b, c आणि k असे चार अंक शोधायचे आहेत आणि सांधे दोन. प्रत्येक सांध्यावर दोन अटी: उंची जुळावी आणि चढ जुळावा. चार अंक, चार अटी. पहिल्या सांध्यावर उंची शून्य, म्हणून c = ०; चढ ०.०५, म्हणून b = ०.०५. दुसऱ्या सांध्यावर चढ २a × १८० + ०.०५, तो −०.०४ हवा, म्हणून a = −०.०००२५. तिथे पॅराबोलाची उंची −८.१ + ९ = ०.९ मीटर येते, आणि उताराची रेषा त्याच उंचीवर यायला k = ८.१ हवा.

आता समजा, कुणी चढ जुळवले आणि उंचीची अट विसरून k = ८.६ लिहिलं. कागदावर दोन्हीकडची डेरिव्हेटिव्हची सूत्रं −०.०४ च देतात आणि उत्तर बरोबर वाटतं. पण रस्त्यात अर्ध्या मीटरची पायरी उभी राहते. डेरिव्हेटिव्हची मूळ व्याख्या लावली की ती लगेच दिसते: सांध्याच्या एक मीटर पुढे गेल्यावर उंचीतला फरक भागिले अंतर ०.४६ येतं, दहा सेंटिमीटरवर ४.९६, एक सेंटिमीटरवर ४९.९६. ही संख्या कुठेच स्थिरावत नाही. कारण त्या भागाकारात सांध्यावरची खरी उंची असते, आणि उजवीकडच्या सूत्राला ती ठाऊकच नसते. म्हणून सातत्याची अट आधी लिहायची. ती नसेल तर सूत्रांचे चढ जुळले तरी अवकलनीयता मिळत नाही. परीक्षेत ही ओळ सोडणाऱ्याचे मार्क कापतात, ते मला योग्यच वाटतं.

दोन्ही रेषा वाढवल्या तर त्या x = ९० वर, म्हणजे वक्राच्या बरोबर मध्यावर, साडेचार मीटर उंचीला भेटतात. पॅराबोला तिथे २.४७५ मीटरवर असतो. म्हणजे टोक दोन मीटरहून थोडं जास्त खाली छाटलं गेलं. रस्त्याचा खरा उच्चबिंदू मात्र ९० वर नाही. चढ जिथे शून्य होतो तो x = १००, उंची अडीच मीटर. चढ उतारापेक्षा तीव्र आहे, म्हणून माथा उताराच्या बाजूला सरकतो.

रेषांची भेट मध्यावरच होते, हा योगायोग नाही. पॅराबोलाचा चढ एकसारखा बदलतो, त्यामुळे दुसरं काही शक्यच नाही. म्हणूनच पलीकडचा रस्ता आधीच बांधलेला असेल, समजा k = ७.२, तर तीन अंकांच्या हाती चार अटी येतात आणि १८० मीटरचा हट्ट चालत नाही. रेषा आता x = ८० वर भेटतात, तेव्हा लांबी १६० च घ्यावी लागते. सुरुवात आणि शेवट दोन्ही पक्के असतील, तर x³ चं पद घेऊन चौथा अंक मिळवावा लागतो.

लांबीही मनाला येईल तशी ठरत नाही. माथ्यापलीकडचा अडथळा थांबण्याइतक्या अंतरावरून दिसावा, यासाठी भारतीय रस्ते-मानकांत लांबी = NS²/४.४ हे सूत्र आहे. N म्हणजे दोन चढांतला फरक, इथे ०.०९, S म्हणजे दिसायला हवं ते अंतर. ताशी ६५ किलोमीटरला S ९० मीटर धरतात, आणि लांबी सुमारे १६६ मीटर येते. आपले १८० पुरतात, १६० पुरत नाहीत.

सांध्यावर दुसरा डेरिव्हेटिव्ह मात्र अजूनही तुटतो: रेषेवर शून्य, पॅराबोलावर −०.०००५. ताशी ६५ च्या वेगात तो त्वरणाचा ०.१६ मीटर प्रति सेकंद वर्ग एवढा बदल आहे, तो जाणवतही नाही. पण ८० मीटर त्रिज्येच्या वळणात सरळ रस्त्यावरून ताशी ५० ने शिरलं, तर बाजूला ढकलणारं त्वरण एकदम २.४ वर जातं. म्हणून वळणाच्या तोंडाशी वक्रता हळूहळू वाढवणारा वेगळा वक्र घालतात. रेल्वेत त्यासाठी घन पॅराबोला वापरतात. तिथे प्रत्येक सांध्यावर जागा आणि दिशा यांच्या जोडीला वक्रतेचीही तिसरी अट येते.